दुप्पट काय होतं : अक्षरं की साचा?

गेल्या वेळी आपण ‘हळूहळू’, ‘घरोघरी’ यांसारखे अभ्यस्त शब्द पाहिले. तिथे शब्द सगळाच्या सगळा पुन्हा येतो, त्यामुळे नक्कल कशाची होते असा प्रश्नच पडत नाही. तो पडतो जिथे शब्दाचा फक्त एक तुकडा पुन्हा येतो तिथे. तो तुकडा कुठे तोडायचा हे बोलणाऱ्याला कसं कळतं? या प्रश्नाचं उत्तर 1970 ते 1990 या काळात कसं बदलत गेलं, ते आज पाहू.

त्यासाठी फिलिपिन्सला जावं लागेल. लुझोन बेटाच्या उत्तरेला इलोकानो नावाची भाषा बोलतात. तिच्यात ‘कल्दिंग’ म्हणजे शेळी आणि ‘कल्-कल्दिंग’ म्हणजे शेळ्या. आता कोणीही म्हणेल, सोपं आहे, शब्दाचं पहिलं अक्षर पुन्हा म्हणायचं. (अक्षर म्हणजे इथे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. लिहिलेलं अक्षर नव्हे.) पण पुढचा शब्द बघा. ‘पुसा’ म्हणजे मांजर. त्याची फोड होते पु-सा. मग अनेकवचन ‘पु-पुसा’ व्हायला हवं, ते होतं ‘पुस्-पुसा’. मूळ शब्दात ‘स’ दुसऱ्या अक्षराचा आहे, नकलेत मात्र तो पहिल्याला येऊन चिकटला. म्हणजे मूळ शब्दातलं अक्षर जसंच्या तसं उचललेलं नाही. एडिथ मोरावचिक यांनी 1978 मध्ये अनेक भाषांमधले नमुने एकत्र मांडले, तेव्हा हीच गोष्ट समोर आली : मूळ शब्दाची फोड कशी आहे याची नकलेला फारशी पर्वा नसते.

बरं, अक्षर नाही तर मग मोजणी असेल. ‘व्यंजन, स्वर, व्यंजन एवढे तीन ध्वनी उचला’ असा नियम करू. ‘कल्’ बसतं, ‘पुस्’ही बसतं. त्या काळातले बरेच नियम साधारण असेच लिहिले जात. 1982 मध्ये अ‍ॅलेक मरँट्झ यांनी याला वेगळं वळण दिलं. जॉन मॅकार्थी यांनी नुकतंच अरबी भाषेबद्दल दाखवलं होतं की तिथे शब्दाचा सांगाडा आणि त्यात भरले जाणारे ध्वनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरँट्झ म्हणाले, अभ्यासातही तसंच होतं. शब्दाला आधी एक रिकामा सांगाडा जोडला जातो : व्यंजनाची जागा, स्वराची जागा, व्यंजनाची जागा. मग मूळ शब्दातले ध्वनी ओळीने त्यात भरतात आणि जे उरतात ते गळून जातात. ही मोठी उडी होती. इथे नक्कल हा उपसर्गच आहे, फक्त त्याला स्वतःचे ध्वनी नाहीत.

पण सांगाड्यात जागा किती ठेवायच्या? इथे इलोकानोतले उसने शब्द कामाला येतात. ‘बसा’ म्हणजे वाचणे. ‘वाचत आहे’ म्हणायला ‘अग-बस्-बसा’ म्हणतात. ‘तक्देर’ म्हणजे उभं राहणे, त्याचं ‘अग-तक्-तक्देर’. इथवर तीन जागा पुरतात. आता स्पॅनिशमधून आलेला ‘त्रबाहो’, म्हणजे काम, घ्या. तीन जागांच्या हिशेबाने चौथ्या ध्वनीला जागाच नाही, पण लोक सरळ ‘अग-त्रब्-त्रबाहो’ म्हणतात. चार ध्वनी आले. ‘जोडव्यंजन आलं तर चार उचला’ असं त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. आणखी एक शब्द, ‘दइत’ म्हणजे शिवणे. त्यात ‘द’नंतर लगेच दुसरा स्वर येतो, तुकडा बंद करायला व्यंजनच मिळत नाही. तिथे म्हणतात ‘अग-दा-दइत’, स्वर लांबवून.

तीन ध्वनी, चार ध्वनी, कधी दोनच आणि त्यातला एक लांब. मोजणीने यांची मोट बांधता येत नाही. पण ज्यांनी शाळेत वृत्तं म्हटली आहेत त्यांनी जरा कान देऊन ऐकावं : कल्, पुस्, त्रब्, दा. चारही गुरू! 1986 मध्ये मॅकार्थी आणि अ‍ॅलन प्रिन्स यांनी नेमकं हेच मांडलं. साचा ध्वनींच्या जागांचा नाही, छंदाच्या एककाचा आहे. इथे आदेश एवढाच : ‘एक गुरू अक्षर भरा’. सुरुवातीला एक व्यंजन आहे की दोन, याने वजन बदलत नाही, म्हणून ‘त्रब्’ चालतं. शेवटी व्यंजन मिळालं नाही तर स्वर लांबवून वजन पुरं करतात.

याच भाषेत याची उलटतपासणीही करता येते. ‘अमुक घालून’ किंवा ‘घेऊन’ या अर्थाचा ‘सि-’ हा उपसर्ग लावला की लघू अक्षर लागतं. ‘पन्दिलिंग’ म्हणजे स्कर्ट. तो घालून असलेली ती ‘सि-प-पन्दिलिंग’. मूळ शब्दात ‘पन्’ हे आयतं गुरू अक्षर समोर असताना ‘न’ सोडून दिला. ‘ज्यकेत’चं होतं ‘सि-ज्य-ज्यकेत’, जोडव्यंजन शाबूत. म्हणजे ‘पुसा’त नसलेलं गुरू अक्षर घडवलं जातं आणि ‘पन्दिलिंग’मधलं असलेलं मोडलं जातं. किती घ्यायचं हे प्रत्यय ठरवतो, मूळ शब्द नाही.

हे ऐकताना संस्कृतवाल्यांना काहीतरी आठवलं असेल. पाणिनीने या तुकड्याला ‘अभ्यास’ हेच नाव दिलं. त्याची रीत वेगळी : आधी धातूचा एकाच्, म्हणजे एका स्वराचा, भाग दोनदा ठेवायचा, मग छाटायचं. ‘ह्रस्वः’ या सूत्राने स्वर आखूड होतो, ‘हलादिः शेषः’ने पहिलं व्यंजन उरतं. म्हणून ‘दा’चं ‘ददौ’, ‘पठ्’चं ‘पपाठ’. पण पौनःपुन्य दाखवणाऱ्या यङन्तात त्याच ‘पठ्’चं ‘पापठ्यते’ होतं. धातूचा स्वर दीर्घ असताना नक्कल लघू आणि धातूचा स्वर ह्रस्व असताना नक्कल गुरू! ‘पापठ्यते’मधला काना ‘पठ्’कडून आलेला नाही, तो रूपाचा आहे. पाणिनीच्या वेगवेगळ्या सूत्रांचा निकाल लघू-गुरूवर येऊन थांबतो.

मात्र वजनाने सगळं ठरत नाही. ‘प्रच्छ्’चं ‘पप्रच्छ’ होतं, ‘प्रप्रच्छ’ नाही. इलोकानो सुरुवातीचं जोडव्यंजन राखते, संस्कृत तोडते. वजनात सुरुवातीचं व्यंजन मोजलंच जात नाही, म्हणून साचा त्याबद्दल गप्प असतो आणि तो निर्णय प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे घेते. दुसरी अडचण मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनातल्या याकी भाषेची. तिथे ‘वु-सा’चं ‘वु-वुसा’ आणि ‘वम्-से’चं ‘वम्-वम्से’ होतं, म्हणजे मूळ शब्दाचं अक्षर खरोखरच जसंच्या तसं उचलल्यासारखं दिसतं. अशा भाषा थोड्या आहेत, पण आहेत, आणि त्यांच्यासाठी एकटा लघू किंवा गुरू साचा पुरत नाही.

तेव्हा नवीन भाषेत अभ्यास दिसला की एक करा. नकलेत किती ध्वनी आहेत ते मोजू नका. जोडव्यंजनाने सुरू होणारा एक शब्द, सलग दोन स्वरांचा एक आणि पहिलं अक्षर व्यंजनान्त असलेला एक, असे तीन शब्द विचारा. तिन्ही नकला एकाच वजनाच्या निघाल्या तर साचा छंदाचा आहे. मूळ शब्दाच्या फोडीप्रमाणे बदलत गेल्या, तर तुमच्यासमोर याकीसारखी भाषा आहे. पुढच्या वेळी हे तीन शब्द घेऊन आपण तमिळकडे वळू.