स्क्रीनचा फोटो काढला की खाडाखोड लपते का? मोअरे नक्षी आणि चकाकी काय सांगतात

व्हॉट्सॲपवर एक नियुक्तिपत्र येते. वर लेटरहेड, खाली गोल शिक्का, निळ्या शाईची सही आणि मधे एक ओळ : रुजू होण्यापूर्वी अनामत रक्कम भरावी. पाठवणारा म्हणतो, "पत्र माझ्या हातात आहे, आत्ताच फोटो काढून पाठवतोय." फोटो थोडा तिरका आहे, कडा जराशा अंधारलेल्या आहेत. घाईत काढलेल्या खऱ्या फोटोसारखाच तो दिसतो.

फक्त एक गोष्ट खटकते. पत्राच्या पांढऱ्या भागावर फिकट गुलाबी आणि हिरवट पट्टे लाटांसारखे पसरलेले आहेत. कागदावर असे पट्टे नसतात. हा फोटो कागदाचा नसून स्क्रीनवर उघडलेल्या पत्राचा असण्याची शक्यता खूप मोठी आहे. तसे असेल तर "पत्र माझ्या हातात आहे" हे वाक्य खोटे ठरते.

फोटोचा फोटो का काढतात?

एखाद्या पत्रातले नाव किंवा तारीख बदलली, तर मूळ फाइलमध्ये त्याच्या खुणा राहतात. फाइलच्या माहितीत एडिटिंग ॲपचे नाव राहू शकते. बदललेल्या जागेचा दाणेदारपणा आजूबाजूच्या भागाशी जुळत नाही. जेपीईजी फाइल जतन होताना चित्र लहान चौकोनांत दाबले जाते, आणि नवीन चिकटवलेला तुकडा या दाबण्यात बाकी चित्रापेक्षा वेगळा वागतो. तपासणाऱ्यांची बरीच साधने असा वेगळेपणा शोधतात.

आता तीच बदललेली फाइल लॅपटॉपवर उघडून मोबाइलने तिचा फोटो काढला तर? फाइल पूर्णपणे नवी तयार होते. फोनचे मॉडेल आणि आजची तारीख तिच्यात नोंदली जाते, आणि ती नोंद खरीही असते. दाणेदारपणा फोनच्या सेन्सरचा असल्यामुळे तो सगळीकडे सारखा पडतो. खाडाखोडीच्या जुन्या खुणा या नव्या थराखाली दबून जातात. तपासनीस या प्रकाराला ‘रीकॅप्चर’ म्हणतात. एक प्रकारे फाइल धुऊन काढली जाते, पण धुताना नवे डाग पडतात.

दोन जाळ्या एकमेकींवर

मच्छरदाणीचे कापड दुहेरी झाले की त्यावर पाण्यासारख्या लाटा दिसतात. कापडात लाटा नसतात. दोन जाळ्यांची छिद्रे काही ठिकाणी एकमेकांवर येतात, काही ठिकाणी सरकतात, आणि त्या सरकण्याची नक्षी आपल्याला दिसते. हिलाच मोअरे म्हणतात. हे नाव लाटांची झाक असलेल्या रेशमी कापडासाठीच्या फ्रेंच शब्दावरून आले आहे.

स्क्रीनचा फोटो काढताना हेच घडते. पहिली जाळी स्क्रीनची. भिंगाखाली पाहिले तर नेहमीच्या एलसीडी स्क्रीनवरचा पांढरा रंग पांढरा नसतोच. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन बारीक पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी असतात. दुसरी जाळी कॅमेऱ्याच्या सेन्सरची. सेन्सरचे ठिपकेही रंगीत काचेखाली बसवलेले असतात : दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे आडव्या दिशेने पाहिले तर लाल रंग मोजणारा ठिपका एक सोडून एक येतो.

आपल्या पत्राचेच उदाहरण घेऊ. समजा ते लॅपटॉपवर उघडले आहे. स्क्रीनवर आडवे १९२० पिक्सेल आहेत. फोन ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो काढतो आणि स्क्रीनची रुंदी फोटोच्या रुंदीत बरोबर बसली आहे. लाल रंग मोजणारे ठिपके एक सोडून एक असल्याने एका ओळीत ते २००० भरतात. स्क्रीनवरच्या लाल पट्ट्या आहेत १९२०.

डाव्या टोकाला लाल ठिपका नेमका लाल पट्टीवर आला असे धरू. पुढचा ठिपका किंचित आधी येतो, त्यापुढचा आणखी थोडा आधी. सरकत सरकत काही अंतरावर तो काळ्या फटीवर किंवा शेजारच्या रंगावर जातो, तिथे लाल कमी नोंदला जातो. आणखी पुढे गेल्यावर तो पुन्हा लाल पट्टीवर येतो. पूर्ण रुंदीत असे किती वेळा होईल? २००० वजा १९२०, म्हणजे ८० वेळा. फोटोवर साधारण ८० पट्टे उमटतात आणि प्रत्येक पट्ट्याची रुंदी फोटोतल्या ५० पिक्सेलइतकी असते. निळ्या रंगाचेही तसेच होते, पण त्याचे ठिपके आणि पट्ट्या वेगळ्या जागी असल्याने त्याचे पट्टे लालच्या पट्ट्यांवर बरोबर बसत नाहीत. जिथे लाल-निळे जास्त तिथे गुलाबी झाक, जिथे ते कमी तिथे हिरवी.

आता फोन थोडा मागे नेला आणि स्क्रीनने फोटोतले ३६०० पिक्सेलच व्यापले, तर लाल ठिपके १८०० होतात, फरक १२० आणि पट्टे अधिक बारीक. ३८४० व्यापले तर दोन्ही संख्या सारख्या, फरक शून्य. हाताच्या किंचित हालचालीने नक्षी एवढी बदलते, म्हणूनच स्क्रीनसमोर फोन धरला की कॅमेऱ्यात लाटा नाचताना दिसतात. फोन तिरका धरला तर स्क्रीनची एक बाजू जवळ आणि दुसरी लांब असते, प्रत्येक ठिकाणचे गणित वेगळे होते आणि पट्टे वाकतात. फसवणाऱ्याने फोटो ‘नैसर्गिक’ दिसावा म्हणून तिरका काढला असेल, तर त्याच तिरकेपणामुळे कमानीसारख्या लाटा मिळतात.

लाटा फोटोतल्या की तुमच्या स्क्रीनवरच्या?

इथे बरेच जण फसतात. मोठा फोटो तुमच्या छोट्या स्क्रीनवर आक्रसून दाखवला जातो, तेव्हाही दोन जाळ्या एकमेकींवर येतात. चौकटीचा शर्ट, विणलेले कापड किंवा वर्तमानपत्रातला ठिपक्यांचा फोटो असेल तर अस्सल फोटोवरही लाटा दिसू शकतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. फोटो डाउनलोड करा आणि दोन बोटांनी मोठा करत न्या. पट्टे अक्षरांबरोबर त्याच प्रमाणात मोठे होत गेले आणि त्याच शब्दांवर चिकटून राहिले, तर ते फोटोतच आहेत. प्रत्येक झूमला त्यांचा आकार बदलला, जागा हलली किंवा ते नाहीसेच झाले, तर ते तुमच्या स्क्रीनने तयार केलेले आहेत.

फॉरवर्ड होताना फोटो लहान होतो, त्याचाही परिणाम होतो. वरचा ४००० पिक्सेलचा फोटो १६०० वर आला तर स्क्रीनची बारीक जाळी पुसली जाते, पण ५० पिक्सेलचा पट्टा २० पिक्सेलचा होऊन टिकतो. म्हणून शक्य असेल तर पाठवणाऱ्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की तो आक्रसत नाही.

चकाकी आणि न पडलेली सावली

कागद प्रकाश सगळीकडे विखुरतो. ट्यूबलाइटखाली धरलेला कागद एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू मंद दिसतो, पण त्यात ट्यूबचा आकार दिसत नाही. काच आरशासारखी वागते. चकचकीत स्क्रीनवर ट्यूबची लांबट रेघ, खिडकीचा चौकोन, कधी फोन धरलेल्या हाताची आकृतीही उमटते. पांढऱ्या भागावर स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडात ती बुडून जाते, म्हणून शोधायची ती काळ्या अक्षरांवर, गडद शिक्क्यावर आणि पत्राबाहेरच्या गडद पट्टीत. मॅट स्क्रीनवर आकार फिसकटतो आणि त्या भागातले काळे रंग राखाडी होतात.

चकाकी कुठे थांबते तेही पाहा. ती पत्राच्या कडेवर न थांबता सलग बाहेर गेली असेल, तर पत्र आणि बाहेरचा भाग दोन्ही एकाच काचेखाली आहेत.

सावली मात्र चकाकीपेक्षाही बोलकी असते. वरून प्रकाश येत असताना कागदाचा फोटो काढला की फोनची किंवा हाताची मऊ सावली कागदावर बहुतेक वेळा पडतेच. स्क्रीन स्वतः उजेड देते, त्यामुळे तिच्यावर सावली जवळजवळ दिसतच नाही.

आडव्या काळसर पट्ट्यांवर मात्र फार विसंबू नका. काही स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी अतिवेगाने उघडझाप करतात, आणि फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्याने ती उघडझाप पट्ट्यांच्या रूपात उमटते. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि तिच्यावर चालणारे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. त्यांच्या उजेडात खऱ्या कागदाच्या फोटोवरही असेच पट्टे येतात.

यातून काय सिद्ध होते, काय नाही

मोअरे आणि चकाकी एवढेच सांगतात की कॅमेऱ्यासमोर स्क्रीन होती. स्क्रीनवरचा मजकूर बदललेला होता की नाही, हे त्या सांगत नाहीत. अनेक जणांना स्क्रीनशॉट घेता येत नाही, ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप नसते, म्हणून ते सरळ फोटो काढतात. कुणी बँकेचे पान लॅपटॉपवर उघडून "पैसे पाठवले" म्हणून त्याचा फोटो पाठवला, तर त्यात लाटा असणारच. तिथे लाटा मोजण्यापेक्षा आपल्या खात्यात रक्कम आली का ते पाहावे. नियुक्तिपत्राच्या बाबतीत गोष्ट वेगळी, कारण तिथे दावाच कागदाचा होता. खूण आणि दावा यांत विसंगती असली तरच खुणेला वजन येते.

उलट बाजूही तितकीच खरी. लाटा नाहीत म्हणून फोटो अस्सल ठरत नाही. अंतर बदलले, फोकस किंचित हलला किंवा खूप बारीक पिक्सेलची स्क्रीन वापरली तर नक्षी डोळ्यांना दिसेनाशी होते. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातील हाँग काओ आणि ॲलेक्स कॉट यांनी २०१० मध्ये एलसीडी स्क्रीनवरून पुन्हा टिपलेले फोटो ओळखण्यावर काम केले. त्यांच्या पद्धतीत बारीक पोताबरोबरच हरवलेला तपशील आणि बदललेले रंगही तपासले होते. शिवाय बदललेले पत्र छापून त्या कागदाचाच फोटो काढला तर स्क्रीनचा प्रश्नच उरत नाही.

फोटो कितीही वेळा काढला तरी काही गोष्टी धुतल्या जात नाहीत. नावाच्या ओळीतली अक्षरे बाकी पत्रापेक्षा किंचित वर बसलेली असतात, एका जागी फॉन्ट वेगळा असतो, तारखेचा वार चुकलेला असतो. लाटा दिसल्या की या जागा आधी वाचाव्यात.

आणि पाठवणाऱ्याकडे आणखी एक फोटो मागावा : पत्राचा एक कोपरा दुमडून, बाजूने काढलेला. हातात कागद असेल तर त्याला अर्धा मिनिट लागेल.