तळटीप : मॉड

मॉड : १९५०च्या दशकाअखेरीस लंडनमध्ये मॉडर्न जॅझ ऐकणारे, इटालियन धाटणीचे अंगाबरोबर बसणारे सूट शिवून घेणारे तरुण. पुढे ते अमेरिकन सोल संगीताकडे वळले. ‘द हू’ हा बँड मुळात मॉड नव्हता. १९६४ साली त्यांचा व्यवस्थापक पीटर मीडनने त्यांचे केस कापवले, कपडे बदलले, ‘हाय नंबर्स’ हे नावही दिले. या नावाने काढलेल्या तबकडीतल्या ‘आय’म द फेस’ या गाण्याची चाल स्लिम हार्पोच्या गाण्यावरून उचललेली, शब्द मीडनचे, ‘फेस’ म्हणजे मॉडांतला म्होरक्या. तबकडी पडली आणि त्याच वर्षी जुने नाव परत आले. ‘द हू’चा गिटारवादक टाउनशेंड याचे प्रसिद्ध युनियन जॅक जॅकेट मात्र पॉप आर्टमधून आलेले आहे. मॉडांमधूनच घडलेला बँड म्हणावा तो ‘स्मॉल फेसेस’.