चाळीस लाखांच्या आधीच गाठणारा कायदा

घरून माल विकणाऱ्यांमध्ये एक समज आता पक्का झाला आहे: वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीकडे पाहायचं कारण नाही, आणि गुमास्ता काढला की बाकी सगळं आपोआप कायदेशीर होतं. या पूर्वपक्षाला आधार नाही असं नाही. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा ४० लाखांचीच आहे. पण उलाढाल हा कायद्याचा एकच प्रश्न आहे. माल कोणाच्या मार्फत विकला आणि कोणत्या राज्यात पोहोचवला, हे दोन प्रश्न त्याआधी येतात. लहान विक्रेता अडकतो तो याच दोन प्रश्नांत.

चंदगड तालुक्यातल्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. त्या घरी मसाला काजू करतात आणि महिन्याला साधारण ५० हजारांचा, म्हणजे वर्षाला ६ लाखांचा माल विकतात. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे थेट त्यांच्या खात्यात जमा होतात आणि माल कुरिअरने जातो. नागपूरला पार्सल गेलं तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येत नाही. बेळगाव मात्र शेजारी असलं तरी कर्नाटकात आहे. तिथल्या पत्त्यावर पाठवलेला करपात्र माल ही आंतरराज्य विक्री ठरते, आणि आंतरराज्य माल विकणाऱ्याला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार नोंदणी सक्तीची आहे. तिथे ४० लाखांची सवलत लागू होत नाही. ठरावीक हस्तकला वस्तूंना यात वेगळी सूट दिलेली आहे, पण मसाला काजू त्यात बसत नाहीत.

याच्या अगदी उलटं मतही ऐकू येतं, की मोठ्या विक्री-संकेतस्थळावर माल ठेवायचा म्हणजे जीएसटी क्रमांक हवाच. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत हे खरं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या माल-विक्रेत्याला त्यातून वाट मिळाली आहे. मात्र तिच्या अटी कडक आहेत: विक्री एकाच राज्यातली हवी, राज्याबाहेर माल जाता कामा नये, पॅन हवा, आणि विक्री सुरू करण्याआधी gst.gov.in वर पॅन व धंद्याचा पत्ता जाहीर करून नावनोंदणी क्रमांक घ्यायला हवा. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नोंदणी नव्हे, त्यामुळे विवरणपत्रं भरावी लागत नाहीत. अशा विक्रेत्याचा माल राज्याबाहेर जाऊ न देण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावरही टाकलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर असं अडवणारं कोणी नसतं. म्हणून ज्या मार्गाला लोक बिनधास्त समजतात, तिथेच चूक होण्याची शक्यता मला जास्त दिसते.

मग सरळ नोंदणीच का करू नये? करता येते, आणि सरकारी शुल्कही नाही. पण एकदा नोंदणी झाली की कर फक्त बेळगावच्या पार्सलवर लागत नाही, तो सगळ्या करपात्र विक्रीवर लागतो. काजूवर ५ टक्के दर धरला आणि किलोचा भाव करासकट १०५० रुपये ठेवला, तर त्यातले ५० रुपये बाईंचे नाहीत. काजू, डबे यांच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण पुरवठादाराकडून रीतसर बिल घेतलेलं असेल तरच. शिवाय एखाद्या काळात काहीच विकलं गेलं नाही तरी शून्याचं विवरणपत्र भरावं लागतं. ते चुकलं तर दिवसागणिक विलंब शुल्क चढतं, आणि बराच काळ भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. अर्ज बहुधा पत्त्यावर अडतो: घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर वीजबिलासोबत त्यांचं संमतिपत्र जोडावं.

आता गुमास्त्याचं. तो दुकान-आस्थापना कायद्याखालचा कागद आहे. खाद्यपदार्थ विकण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. त्यासाठी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे, आणि त्यातली अन्न व्यवसायाची व्याख्या नफा असो वा नसो, दोन्हींना लागू होते. ‘हौस म्हणून करते’ हा बचाव तिथे टिकत नाही. लहान उत्पादकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, पण ती पहिल्या विक्रीच्या आधी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो, म्हणून हे काम लेबल छापण्याआधी उरकावं.

अन्न नोंदणी हाती आली की बाईंनी मागच्या ऑर्डरींचे पत्ते राज्यवार मोजावेत. कर्नाटक-गोव्याचे ग्राहक तुरळक असतील तर भावपत्रकावर ‘फक्त महाराष्ट्रात पोहोच’ असं छापून ती पार्सलं थांबवावीत, आणि संकेतस्थळावर विकायचं असेल तेव्हा नावनोंदणी क्रमांक घ्यावा. तेच ग्राहक धंद्याचा कणा असतील तर जीएसटी नोंदणी करून भाव नव्याने बांधावा, आणि क्रमांक मिळेपर्यंत बेळगावचं पार्सल कुरिअरकडे देऊ नये.