केपीआयटीमधला 'के' कोण?

आजच्या भागात थोडा इतिहास, पण राजे-महाराजांचा नाही. पाट्यांचा. दोन माणसं धंदा सुरू करतात आणि नावासाठी दोघांची आद्याक्षरं जोडतात. हे गिऱ्हाईकाच्या लक्षात राहतं का? की ती नुसतीच अक्षरं उरतात?

पुण्यात हिंजवडीला कामाला असलेल्या कुणालाही विचारा, केपीआयटी माहीत असते. सोलापुरातून इंजिनिअरिंग करून तिकडे गेलेली पोरं माझ्या वर्गातही होती. पण 'के म्हणजे कोण?' असं विचारलं की बहुतेक जण गप्प. के म्हणजे किर्तने, पी म्हणजे पंडित. 'किर्तने अँड पंडित' ही पुण्यातली जुनी चार्टर्ड अकाउंटंट फर्म, १९५६ सालची. सीएच्या धंद्यात आडनाव हेच भांडवल असतं. हिशेब कोण तपासणार, सही कुणाची, हे गिऱ्हाईकाला माहीत असावं लागतं. त्यामुळे तिथे दोन्ही आडनावं पूर्ण लिहिणं अगदी बरोबर होतं.

१९९० मध्ये रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली, तेव्हा जुन्या फर्मची दोन अक्षरं घेतली आणि पुढे आयटी जोडलं. इथे एक गंमत बघा. चार अक्षरांपैकी पहिली दोन परक्या माणसाला काहीच सांगत नाहीत, शेवटची दोन मात्र सगळं सांगतात. पुण्यातल्या जुन्या गिऱ्हाईकाला केपीवरून ओळख पटणार, नव्याला आयटीवरून धंदा कळणार. माझ्या मते नाव टिकण्यामागे हे अर्धं कारण आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे कंपनीचं गिऱ्हाईक कोण होतं ते. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या. अशा ठिकाणी वर्षातून मोजकीच कंत्राटं होतात, समोरासमोर बसून होतात, आणि नाव शेकडो वेळा ईमेलमध्ये, करारात, बिलावर येतं. इतक्या वेळा डोळ्यांखालून गेल्यावर कुठलीही चार अक्षरं पाठ होतात. २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेक विलीन झाली आणि नाव झालं केपीआयटी कमिन्स. पुण्यात इंजिनांमुळे कमिन्स घराघरांत माहीत. तरी २०१३ मध्ये कमिन्स शब्द गेला आणि चार अक्षरं राहिली. पुढे बिर्लासॉफ्टशी व्यवहार झाला, तो २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यात जुन्या नोंदणीकृत कंपनीचं नाव बिर्लासॉफ्ट झालं आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा जो भाग वेगळा केला, त्याला केपीआयटी टेक्नॉलॉजीज हे नाव मिळालं. म्हणजे कायद्याच्या कागदावरची कंपनी एका बाजूला गेली आणि नाव दुसऱ्या बाजूला, जिथे ते ओळखणारं गिऱ्हाईक होतं तिथे. सुरुवातीला रिकामी असलेली अक्षरं तोवर मालमत्ता झाली होती.

आद्याक्षरांचा आणखी एक फायदा आहे, आणि त्याचं उदाहरण सगळ्यांनी रस्त्यावर पाहिलंय. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी झाली 'महिंद्रा अँड महिंद्रा'. एम अँड एम तेच राहिलं, फक्त दुसऱ्या एमचा माणूस बदलला! पूर्ण नाव भागीदाराला बांधलेलं असतं. अक्षर तेवढं बांधलेलं नसतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद तरुणपणी रेल्वेच्या कंत्राटात उतरले ते लक्ष्मणराव फाटकांसोबत, आणि फर्मचं नाव 'फाटक-वालचंद'. अक्षरं नाहीत, सरळ नावं. पटतं मला. रेल्वेच्या साहेबाला काम अडलं की कुणाला बोलवायचं हे पाटीवरूनच कळलं पाहिजे. पुढे ही भागीदारी संपली आणि वालचंदांच्या मोठ्या कंपन्यांवर भागीदाराचं नाव दिसत नाही. १९२६ ची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन बघा.

आणि लोक काय करतात? सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग असं भारदस्त नाव असलेल्या गिरणीला अख्खं गाव 'जुनी मिल' म्हणतं. गिरणी गेली तरी नाव आहे.

हा सगळा विषय माझ्या डोक्यात आला त्याचं कारण साधं आहे. मी आणि मित्र चादर-टॉवेलच्या दुकानदारांसाठी बिलाचं अ‍ॅप बनवतोय. त्याचं नाव एसवरून, माझं व्हीवरून. त्याला 'एसव्ही' हवं होतं. मला वाटायचं, यात काय अर्थ आहे? म्हणून ठरवलं, वाद घालण्यापेक्षा विचारून बघू. ओळखीच्या दुकानदारांना फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं आणि चार दिवसांनी परत फोन करून विचारायचं, 'शेठ, आमच्या अ‍ॅपचं नाव काय होतं?'

पहिली अडचण फोनवरच कळली. इंग्रजी अक्षरांत बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही यांचा शेवट सारखाच. गल्ल्यावर गर्दी असली की व्हीचा बी होतो. एकाने 'एसबी' लिहून घेतलं, दुसऱ्याला ते बँकेचं वाटलं. दुसरी अडचण पाटीची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत, आणि तीही इतर लिपीपेक्षा लहान नसलेली लागते. रोमनमध्ये दोन अक्षरांत संपणारं नाव देवनागरीत 'एसव्ही' होतं, ते बरंच बरं. भागीदार डब्ल्यूवरून असता तर? मराठी आद्याक्षरं घ्यावीत तर ती पु. ल. सारख्या लेखकाला शोभतात. दुकानाला 'शि. वि.' म्हणजे वर्गातली हजेरी वाटते.

पण एक गोष्ट मी धरलीच नव्हती. पूर्व भागातल्या एका तेलुगू दुकानदाराने लगेच विचारलं, "एसव्ही म्हणजे श्री वेंकटेश्वर का? चांगलंय." चार दिवसांनी नाव बरोबर सांगणारे ते एकटे! म्हणजे अक्षरं रिकामी होती आमच्यासाठी, त्यांनी मात्र स्वतःचा अर्थ भरला होता. मित्र खूश. पण मग मी पूर्व भागातून चक्कर मारली. व्यंकटेश, बालाजी, श्रीनिवास, पाट्याच पाट्या. जो अर्थ त्यांना आठवला, तोच अर्थ शेजारच्या दुकानाचाही. गिऱ्हाईकाला नाव आठवेल, पण नेमकं कुणाचं ते कळणार नाही.

केपीआयटीला महिनोन् महिने तेच गिऱ्हाईक भेटत राहिलं. आमच्या दुकानदाराला नाव एकदा ऐकून प्ले स्टोअरवर टाइप करायचंय. तेही एका बोटाने, कुणीतरी टॉवेलचा भाव विचारत असताना.

तर आम्ही दोन नावं ठेवली. भागीदारीच्या करारात, बँकेत आणि जीएसटीच्या कागदावर 'एसव्ही', कारण तिथे नाव लक्षात ठेवायचं काम मशीनचं आहे. अ‍ॅपचं नाव 'गठ्ठा'. चादरी गठ्ठ्यानेच जातात, स्पेलिंग मात्र तीन प्रकारे होतं, त्यामुळे शोधताना तिन्ही चालतील अशी सोय करतोय. दुसऱ्या फेरीत शेठजींना फोन केला, तर म्हणाले, "अरे ते गठ्ठावाले ना? बोला."