सूचना त्यांची, कोड तुमचा

पेअर प्रोग्रॅमिंग १९९० च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमुळे सर्वांना माहीत झालं. एक जण कीबोर्डवर, दुसरा शेजारी बसून पुढचा विचार करणारा. मुलाखतीच्या राउंडमध्ये ती शेजारची खुर्ची मुलाखतकाराची असते.

समजा, तुम्ही जावात बायनरी सर्च लिहिताय आणि मधला इंडेक्स `(low + high) / 2` असा काढलाय. मुलाखतकार विचारतात, "ॲरे खूप मोठा असेल तर?" नेमकी हीच चूक जावाच्या लायब्ररीत जवळपास ९ वर्षं होती, जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्यावर लिहिलं.

लगेच "हो सर, बदलतो" म्हणू नका. आधी आकडे घालून बघा. १५० कोटी अधिक २०० कोटी म्हणजे ३५० कोटी. `int` मध्ये जेमतेम २१४ कोटी मावतात, म्हणून बेरीज ऋण येते. हे बोलून दाखवा, "बरं झालं विचारलंत" म्हणा आणि मग लिहा:

```java
int mid = low + (high - low) / 2;
```

हाच प्रश्न पायथनमध्ये आला तर? तिथे पूर्णांक ओव्हरफ्लो होत नाही, एवढं सांगा आणि `(low + high) // 2` तसंच ठेवा. सूचना तपासून घेतलीत, तर ती स्वीकारा किंवा नाकारा, निर्णय तुमचाच राहतो.