कर्जरोख्यांची परतफेड : निधी व विमापत्र पद्धती

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी १७१७ मध्ये कर्जनिवारण निधी स्थापन झाला. परंतु १७३३ मध्ये वॉल्पोल यांनी त्यातून पाच लाख पौंड चालू खर्चासाठी घेतले. हाती असलेला निधी असा खर्ची पडू नये, म्हणून कंपन्या तो धंद्याबाहेर गुंतवितात. एक लाखाचे कर्जरोखे पाच वर्षांनी फेडावयाचे असल्यास, ५ टक्के चक्रवाढ व्याजाने, वर्षाअखेर नफ्यातील सु. १८,०९७ रु. निधीत वर्ग करून तेवढेच, मिळालेल्या व्याजासह, सरकारी रोख्यांत गुंतवितात. अखेरचा हप्ता गुंतवीत नाहीत. विक्रीवेळी भाव उतरल्यास तूट येते. विमापत्र पद्धतीत वर्षारंभी हप्ता भरल्याने मुदतीअखेरची रक्कम निश्चित होते. मात्र परतावा सहसा कमी असतो.