अस्थी-स्नायू विकारांतील प्रतिमाचाचण्यांची निवड

अस्थी-स्नायू विकारांतील प्रतिमाचाचण्यांची निवड म्हणजे हाडे, सांधे, कूर्चा, स्नायू, कंडरा व अस्थिबंध यांच्या आजारात क्ष-किरण प्रतिमा, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय आणि बोन स्कॅन या पाच चाचण्यांपैकी कोणती, केव्हा व कोणत्या क्रमाने करावी याचा निर्णय होय. या चाचण्या एकाच शिडीच्या चढत्या पायऱ्या नाहीत. प्रत्येक चाचणी शरीराचा वेगळा गुणधर्म मोजते. त्यामुळे महाग चाचणी प्रत्येक वेळी अधिक सांगतेच असे नाही. रुग्णाची तक्रार व शारीरिक तपासणी यांवरून आधी नेमका प्रश्न ठरवावा लागतो आणि मग त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी चाचणी निवडावी लागते.

## प्रत्येक चाचणी काय मोजते

क्ष-किरण प्रतिमा ही सावली असते. हाडातील कॅल्शियम क्ष-किरण अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते. अस्थिभंग, सांध्याचा निखळ, सांध्यातील फटीचे अरुंद होणे आणि हाडाची विकृत ठेवण यांसाठी ही पहिली चाचणी ठरते. सावली सपाट असल्यामुळे एकमेकींशी काटकोनात असलेल्या किमान दोन दिशांनी प्रतिमा घेतात; एका प्रतिमेत झाकली गेलेली भेग दुसरीत दिसू शकते. हाडातील सुमारे ३० ते ५० टक्के खनिज नष्ट होईपर्यंत पोकळी या प्रतिमेत स्पष्ट उमटत नाही. हाडातील जंतुसंसर्गाचे बदलही साधारणतः १० ते १४ दिवसांनी दिसू लागतात. म्हणून आजाराच्या आरंभी प्रतिमा निर्दोष आली, तरी आजार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

सोनोग्राफीत ध्वनिलहरींचे प्रतिध्वनी टिपले जातात. हाडाच्या पृष्ठभागावरून लहरी परततात, त्यामुळे हाडाच्या आतील भाग दिसत नाही. मात्र त्वचेजवळील कंडरा, सांध्यात साचलेले पाणी, गाठी व पू यांचे दर्शन उत्तम होते. रुग्णाला हात हलवायला सांगून कंडरा सरकताना पाहता येते. ही सोय इतर चाचण्यांत क्वचितच मिळते. निष्कर्षाची गुणवत्ता बऱ्याच अंशी तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते.

सीटी स्कॅन क्ष-किरणांनीच घेतले जाते, पण शरीराभोवती फिरणाऱ्या नळीमुळे पातळ छेदांच्या प्रतिमा मिळतात व त्यांतून त्रिमितीय रचना उभी करता येते. सांध्यात शिरलेला अस्थिभंग, कटिभाग व मणक्यांचे गुंतागुंतीचे भंग यांत हाडाचे तुकडे कोठे सरकले आहेत हे शस्त्रक्रियेपूर्वी यावरून कळते.

एमआरआय शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात पाणी व चरबी यांतील हायड्रोजनच्या केंद्रकांकडून मिळणारे संकेत वाचते. अस्थिमज्जेत चरबी भरपूर असते. तेथे सूज, रक्तस्राव किंवा अर्बुद आल्यास पाण्याचे प्रमाण बदलते आणि तो बदल लवकर उमटतो. अस्थिबंध, सांध्यातील कूर्चा, मणक्यांमधील चकत्या आणि मज्जारज्जू यांसाठीही हीच चाचणी मुख्य मानली जाते.

बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ फॉस्फेटच्या संयुगाला जोडून शिरेतून देतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ६ तास असतो. नवे हाड जेथे वेगाने तयार होते तेथे तो अधिक साचतो आणि २ ते ४ तासांनी गॅमा कॅमेऱ्याने संपूर्ण सांगाड्याचे चित्र घेतले जाते. ही चाचणी हाडाची रचना दाखवत नाही, हाडाची क्रियाशीलता दाखवते. म्हणूनच जुळत असलेला भंग, संधिवात आणि कर्करोगाचा प्रसार हे तिन्ही तीत गडद ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

## तुलनात्मक तक्ता

| चाचणी | सर्वांत चांगले काय दिसते | प्रथम निवड केव्हा | मुख्य मर्यादा | किरणोत्सर्ग |
|---|---|---|---|---|
| क्ष-किरण प्रतिमा | हाडाचा आकार, भंग, सांध्याची फट | इजा, दीर्घकाळची सांधेदुखी | मऊ ऊती व अस्थिमज्जेतील आरंभीचे बदल दिसत नाहीत | हातापायांसाठी अत्यल्प. खुब्यासाठी सुमारे ०.७ मिलिसीव्हर्ट |
| सोनोग्राफी | कंडरा, सांध्यातील पाणी, वरवरच्या गाठी | खांद्याची कंडरा, लहान मुलाच्या खुब्यातील पाणी | हाडाच्या आत दिसत नाही. तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून | नाही |
| सीटी स्कॅन | हाडाची बारीक त्रिमितीय रचना | गुंतागुंतीचा भंग, शस्त्रक्रियेचे नियोजन | अस्थिमज्जेतील सूज नीट दिसत नाही | कटिभागासाठी सुमारे ६ मिलिसीव्हर्ट |
| एमआरआय | अस्थिमज्जा, अस्थिबंध, चकत्या, मज्जारज्जू | छुपा भंग, मणक्याचा संसर्ग, गुडघ्याची अंतर्गत इजा | वेळ व खर्च अधिक. काही प्रत्यारोपित उपकरणे असल्यास धोका | नाही |
| बोन स्कॅन | संपूर्ण सांगाड्यातील नव्या हाडाची निर्मिती | कर्करोगाचा हाडांतील प्रसार शोधणे | कारण सांगत नाही. केवळ हाड झिजवणारे विकार सुटू शकतात | सुमारे ६ मिलिसीव्हर्ट |

किरणोत्सर्गाचे आकडे सर्वसाधारण आहेत. यंत्र व पद्धतीनुसार ते बदलतात. तुलनेसाठी, निसर्गतः मिळणारा किरणोत्सर्ग जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट असतो.

## उदाहरण : खुब्याचा छुपा अस्थिभंग

पाचही चाचण्यांमधील फरक एकाच प्रसंगात पाहता येतो. समजा, ७४ वर्षांच्या एक बाई न्हाणीघरात घसरून पडल्या. उजव्या खुब्यात वेदना आहेत. आधार धरून त्या चार पावले टाकतात, पण पाय सरळ ठेवून उचलताना त्यांना कळ येते. पाय आखूड झालेला नाही किंवा बाहेर वळलेला नाही.

पहिली चाचणी अर्थातच क्ष-किरण प्रतिमा. समोरून संपूर्ण कटिभागाची आणि बाजूने खुब्याची, अशा दोन प्रतिमा घेतल्या जातात. भंग दिसला तर पुढील प्रतिमाचाचणीची गरज बहुधा राहत नाही. या रुग्णाच्या प्रतिमांत मात्र भेग दिसत नाही. वार्धक्याने हाडे विरळ झालेली असल्यामुळे, जागेवरून न सरकलेली भेग सावलीत लपू शकते. अशा भंगाला छुपा अस्थिभंग म्हणतात.

येथेच तपासणी थांबवून रुग्णाला मुका मार म्हणून घरी पाठवले, तर मोठी हानी संभवते. मांडीच्या हाडाच्या गोलकाला होणारा रक्तपुरवठा प्रामुख्याने हाडाच्या मानेला लगटून वर जाणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांतून होतो. भंग जागेवर असेपर्यंत त्या बहुधा शाबूत असतात आणि स्क्रू बसवून हाड जोडता येते. चालताना भंग सरकला की त्या तुटण्याचा संभव असतो. मग गोलक निर्जीव होण्याची भीती निर्माण होते आणि या वयात बहुधा कृत्रिम सांधा बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून अशा वेळी शक्यतो २४ तासांत एमआरआय करावा, अशी शिफारस ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. एमआरआयच्या टी-१ प्रतिमेत अस्थिमज्जेतील चरबी उजळ दिसते आणि तिच्यातून जाणारी भेग काळ्या रेषेसारखी उमटते. चरबीचा संकेत दाबलेल्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेत भेगेभोवतीची सूज उजळते. या दोन मालिकांवर बहुतेकदा निदान होते. भंग मानेत नसून जघनास्थीत किंवा त्रिकास्थीत असेल, अथवा केवळ स्नायू फाटला असेल, तर तेही याच तपासणीत कळते.

रुग्णाच्या शरीरात जुन्या प्रकारचा पेसमेकर असेल किंवा एमआरआय वेळेत मिळणार नसेल, तर सीटी स्कॅन करतात. ते काही मिनिटांत होते व हाडाच्या बाह्य कवचातील भेग चांगली दाखवते. मात्र कवच अखंड राहून आतील जाळीदार हाडच दबलेले असेल, तर विरळ हाडांत ते सुटू शकते. सीटी निर्दोष असूनही रुग्णाला पायावर भार देता येत नसेल, तर शंका कायम ठेवावी लागते.

बोन स्कॅन पूर्वी या कामासाठी वापरले जाई. त्याची अडचण काळाची आहे: वृद्धांत नवे हाड बनण्याची क्रिया मंद असते, त्यामुळे इजेनंतर पहिल्या ७२ तासांत भंग असूनही स्कॅन निर्दोष दिसू शकते. इतके थांबणे या रुग्णाला परवडत नाही. सोनोग्राफीत सांध्यात साचलेले रक्त दिसू शकते, पण ते न दिसल्यास भंग नाही असे म्हणता येत नाही.

## प्रश्न बदलला की चाचणी बदलते

- लंगडणारे लहान मूल : खुब्यात पाणी आहे का, हा तातडीचा प्रश्न असतो. सोनोग्राफी ते काही मिनिटांत दाखवते. ते पाणी पू आहे की साधी सूज, हे मात्र प्रतिमेवरून ठरत नाही. ताप, रक्ततपासणी आणि गरज पडल्यास सुईने काढलेला द्रव यांवरून ठरते.
- मणक्याचा क्षयरोग : भारतात हा विकार आजही आढळतो. रात्रीची पाठदुखी, वजन घटणे व ताप असल्यास क्ष-किरण प्रतिमा निर्दोष असली तरी एमआरआय करतात, कारण मणक्याची झीज दिसण्यापूर्वीच अस्थिमज्जेतील सूज, शेजारचा गळू व मज्जारज्जूवरील दाब त्यात कळतो. निश्चित निदानासाठी ऊतीचा नमुना घ्यावा लागतो.
- पुरःस्थ ग्रंथीचा किंवा स्तनाचा कर्करोग : हाडांत प्रसार झाला आहे का, हे एकाच तपासणीत संपूर्ण सांगाडाभर पाहण्यासाठी बोन स्कॅन उपयोगी पडते.
- बहुविध मज्जार्बुद : यात हाड झिजते, पण नवे हाड फारसे तयार होत नाही. त्यामुळे बोन स्कॅन फसवे निर्दोष येऊ शकते. येथे कमी मात्रेचे संपूर्ण शरीराचे सीटी किंवा एमआरआय निवडतात.

## अतिरिक्त तपासणीचा तोटा

संवेदनशील चाचणी आजार नसलेले बदलही दाखवते. पाठदुखी मुळीच नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चकत्यांची झीज विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतील सुमारे ९६ टक्के व्यक्तींत आढळली. म्हणजे पाठदुखीच्या रुग्णाच्या अहवालात चकती झिजली आहे असे लिहिलेले असले, तरी दुखण्याचे कारण तीच आहे असे सिद्ध होत नाही. अहवालातील बदलाची जागा व रुग्णाच्या वेदनेची जागा जुळते का, हे शारीरिक तपासणीनेच पाहावे लागते.

यामुळे नव्या पाठदुखीत धोक्याची लक्षणे नसतील, तर पहिले सुमारे सहा आठवडे कोणतीही प्रतिमाचाचणी न करणे योग्य मानले जाते. पायातील वाढता अशक्तपणा, लघवी अडणे किंवा तिच्यावरील ताबा जाणे, बैठकीच्या भागाला येणारी बधिरता, ताप, पूर्वीचा कर्करोग व मोठी इजा ही धोक्याची लक्षणे होत. मज्जातंतूंवरील दाबाची लक्षणे दिसल्यास एमआरआय त्याच दिवशी करावा लागतो.